गोलंदाजाचे तीन शब्द

ज्यांनी आयुष्यात एकही क्रिकेटचा सामना धड पाहिलेला नाही, त्यांच्याही बोलण्यात क्रिकेट असतंच. मुलाखतीत भलताच प्रश्न आला की 'त्यांनी गुगली टाकली' असं आपण सहज म्हणतो. मराठी वर्तमानपत्रांत 'पवारांची गुगली' हा मथळा कितीदा तरी छापून आला आहे. शरद पवारांचे सासरे सदू शिंदे हे भारताकडून ७ कसोटी सामने खेळलेले आणि मैदानावर खरोखर गुगली टाकणारे गोलंदाज होते, हे मात्र तो मथळा वाचणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असतं. गुगली म्हणजे काय, असं विचारलं तर 'फसवा चेंडू' इतकं उत्तर मिळतं. पण तो फसवतो कसा, फलंदाजाला ते कळत का नाही आणि कळलंच तर कशावरून कळतं, हे विचारलं की बोलणं थांबतं.

घरात सामना लागला की उठून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यात तीनच शब्द घेतले आहेत: निर्धाव षटक, म्हणजे इंग्रजीतली मेडन ओव्हर, गुगली आणि यॉर्कर. तिन्ही गोलंदाजाचे आहेत. फलंदाजाचे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. चेंडू सीमेपार गेला की चौकार, हवेतून गेला की षटकार, आणि स्टेडियममधला आवाज ऐकूनच काय झालं ते कळतं. गोलंदाजाचं काम तसं उघड दिसत नाही. तो फलंदाजाकडून काहीतरी काढून घेत असतो आणि काय काढून घेतलं हे माहीत नसेल, तर समोर नुसताच एक माणूस धावत येऊन चेंडू टाकताना दिसतो. निर्धाव षटक फलंदाजाच्या धावा काढून घेतं, गुगली त्याचा अंदाज काढून घेते आणि यॉर्कर त्याची बॅट फिरवायची जागाच काढून घेतो.

आधी खेळपट्टी

मैदान कितीही मोठं असलं तरी खरा खेळ त्याच्या मधोमध असलेल्या २२ यार्डांच्या, म्हणजे २० मीटरहून किंचित लांब पट्टीवर चालतो. ही खेळपट्टी. तिच्या दोन्ही टोकांना तीन-तीन लाकडी यष्ट्या रोवलेल्या असतात. त्यांची उंची २८ इंच आणि तिन्हींची मिळून रुंदी ९ इंच. यष्ट्यांच्या पुढे ४ फुटांवर चुन्याची एक पांढरी रेघ असते, तिला क्रीज म्हणतात. फलंदाज या रेघेच्या आसपास उभा राहतो.

गोलंदाज समोरच्या टोकाकडून कोपर न झटकता चेंडू टाकतो. चेंडू सहसा जमिनीवर एकदा आपटतो आणि उसळून फलंदाजाकडे येतो. या आपटण्याला टप्पा म्हणतात. टप्पा कुठे पडला आणि त्यानंतर चेंडू कुठे गेला, या दोन प्रश्नांमध्ये अर्धं क्रिकेट सामावलेलं आहे.

फलंदाजाला दोन कामं करायची असतात. मागच्या यष्ट्या वाचवायच्या आणि जमेल तेव्हा चेंडू टोलवून धावा काढायच्या. सहा चेंडू झाले की एक षटक संपतं. मग दुसरा गोलंदाज दुसऱ्या टोकाकडून पुढचं षटक टाकतो. एकाच गोलंदाजाला लागोपाठ दोन षटकं टाकता येत नाहीत. हा नियम लक्षात ठेवला की पुढची हकिकत नीट कळेल.

निर्धाव षटक

ज्या षटकात गोलंदाजाच्या नावावर एकही धाव लागत नाही, ते निर्धाव षटक. 'गोलंदाजाच्या नावावर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. चेंडू फलंदाजाच्या बॅटला लागलाच नाही, यष्टिरक्षकालाही अडवता आला नाही आणि फलंदाज एक धाव पळाले, तर ती 'बाय' धरतात. तिचा दोष गोलंदाजाचा नाही, म्हणून षटक निर्धावच राहतं. फलंदाजाच्या पायाला लागून मिळालेल्या धावेचंही तसंच. पण चेंडू फलंदाजाच्या आवाक्याबाहेर टाकला म्हणून पंचांनी 'वाइड' दिला किंवा पाय रेघेपुढे पडला म्हणून 'नोबॉल' दिला, तर ती चूक गोलंदाजाची. ती धाव त्याच्या खात्यात जाते आणि षटक निर्धाव राहत नाही.

सहा चेंडूंत धाव नाही, यात विशेष ते काय, असं वाटू शकतं. ते समजण्यासाठी जानेवारी १९६४ मधल्या मद्रासच्या कसोटी सामन्यात जावं लागेल. भारताविरुद्ध इंग्लंड. भारताने पहिल्या डावात ७ बाद ४५७ धावा करून डाव घोषित केला होता. इंग्लंडच्या बाजूने ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन खेळत होते. इंग्लंडचे काही खेळाडू आजारी होते, त्यामुळे या दोघांना विकेट टाकून चालणार नव्हतं. समोर गोलंदाज होते नाशिकचे रमेशचंद्र नाडकर्णी, सगळ्यांचे बापू. डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारे.

बापूंनी त्या डावात लागोपाठ २१ षटकं निर्धाव टाकली. लागोपाठ म्हणजे त्यांची स्वतःची लागोपाठ. मधली षटकं दुसऱ्या टोकाकडून दुसरे गोलंदाज टाकत होते आणि तिकडे धावा निघत होत्या. बापूंच्या हातात चेंडू आला की मात्र फळा हलत नव्हता. २१ षटकांचे १२६ चेंडू आणि त्यांच्या आगेमागचे ५ धरून सलग १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. डाव संपला तेव्हा त्यांच्या नावापुढे चार आकडे होते: ३२-२७-५-०.

गोलंदाजाचं प्रगतिपुस्तक अशा चार आकड्यांतच लिहितात. पहिला आकडा टाकलेल्या षटकांचा, दुसरा त्यांतल्या निर्धाव षटकांचा, तिसरा दिलेल्या धावांचा आणि चौथा बाद केलेल्या फलंदाजांचा. म्हणजे बापूंनी ३२ षटकं टाकली, त्यांतली २७ निर्धाव. १९२ चेंडूंत ५ धावा दिल्या. बळी मात्र एकही नाही.

हे साधतं कसं? त्याचं उत्तर टप्प्यात आहे. चेंडू फलंदाजाच्या फार जवळ टप्पा खाऊन आला तर तो एक पाऊल पुढे टाकून उसळायच्या आतच टोलवतो. टप्पा फार दूर पडला तर चेंडू उसळून कमरेच्या उंचीवर येतो आणि फलंदाज मागे सरून, सवडीने पाहून मारतो. या दोन्हींच्या मध्ये एक पट्टा असतो. चेंडू तिथे पडला की फलंदाजाला पुढे जावं की मागे राहावं हे ठरवता येत नाही. याला गोलंदाज 'लेंग्थ' म्हणतात. संथ गोलंदाजासाठी हा पट्टा फलंदाजाच्या पुढे काही पावलांवर असतो आणि फार रुंद नसतो. त्यावर आणि यष्ट्यांच्या रोखाने सहाच्या सहा चेंडू टाकले, की फलंदाजाला चेंडू नुसता अडवणंच शहाणपणाचं वाटतं. बापू सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणं ठेवून त्याच्यावर चेंडू टाकत, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. मद्रासचे आकडे पाहिले की ते पटतं.

यातलं दुसरं मर्म म्हणजे निर्धाव षटकाचा परिणाम बहुतेकदा दुसऱ्याच टोकाला दिसतो. एका बाजूने धावा बंद झाल्या की फलंदाज अस्वस्थ होतो. आता दुसऱ्या गोलंदाजाकडून तरी वसुली करू, असं म्हणून तो तिकडे नको तो फटका मारतो आणि बाद होतो. बळी दुसऱ्याच्या नावावर लागतो. मद्रासच्या त्याच डावात इंग्लंडचे ५ फलंदाज चंदू बोर्डे यांनी बाद केले. बापूंच्या षटकांमुळेच ते मिळाले असं कुणी सिद्ध करू शकणार नाही, पण क्रिकेट खेळलेला माणूस हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवूनच वाचतो.

निर्धाव षटकाची मर्यादाही याच सामन्यात दिसते. धावा रोखून सामना हरण्यापासून वाचता येतं. पण पाच दिवसांची कसोटी जिंकायला समोरच्या संघाचे वीस बळी घ्यावे लागतात. मद्रासचा तो सामना अनिर्णित राहिला.

गुगली

बापूंची फिरकी प्रामाणिक होती. ती ज्या बाजूला वळेल असं वाटायचं त्याच बाजूला वळायची. गुगलीचं सगळं सामर्थ्य याच्या उलट वागण्यात आहे. म्हणून गुगली कळण्याआधी जिच्या आडून ती येते, ती साधी लेगब्रेक कळायला हवी.

उजव्या हाताने खेळणारा फलंदाज डोळ्यांपुढे आणा. तो गोलंदाजाकडे डावा खांदा करून आडवा उभा असतो. त्याच्या छातीसमोरची बाजू ती ऑफ, पाठीमागची ती लेग. उजव्या हाताचा लेगस्पिन गोलंदाज चेंडूला असा पीळ देतो की टप्पा पडल्यावर तो लेगकडून ऑफकडे, म्हणजे फलंदाजापासून दूर वळतो. बरणीचं घट्ट झाकण उजव्या हाताने उघडताना मनगट ज्या दिशेने फिरतं, तीच ही दिशा. चेंडू पहिल्या दोन बोटांत धरलेला असतो आणि तिसरं बोट शिवणीवर दुमडलेलं असतं. सोडताना हेच तिसरं बोट त्याला झटका देतं. हात डोक्यावरून खाली येतो तेव्हा तळव्याची कड फलंदाजाकडे असते.

गुगली टाकताना बोटांची पकड बदलत नाही. धावत येणं तेच, हाताची फेक तीच. फक्त चेंडू सोडण्याआधी मनगट आणखी आत वळलेलं असतं, इतकं की हाताची मागची बाजू, पंज्याची पाठ, फलंदाजाकडे येते. चेंडू करंगळीच्या बाजूने हातातून निसटतो. बोटांनी दिलेला झटका पूर्वीचाच असतो, पण हातच उलटा झाल्यामुळे चेंडू उलट दिशेने फिरू लागतो. दूर वळणारा चेंडू खेळायच्या तयारीत फलंदाजाने बॅट बाहेर नेलेली असते आणि टप्पा पडल्यावर चेंडू वळतो आत. बॅट आणि पाय यांच्यामधून किंवा पायावरच. पहिल्या प्रकारात त्रिफळा उडतो, दुसऱ्यात पायचीत होण्याची भीती. पायचीत म्हणजे पाय मध्ये नसता तर चेंडू यष्ट्यांवर गेला असता, असं पंचांना वाटणं.

ही युक्ती काढली बर्नार्ड बोझान्के या इंग्रज गोलंदाजाने, आणि तीही मैदानावर नाही. ऑक्सफर्डमध्ये शिकत असताना, १८९७ च्या सुमारास, तो मित्रांबरोबर टेबलावर टेनिसचा चेंडू टाकायचा एक खेळ खेळत असे. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या गड्याला पकडता येणार नाही अशा रीतीने चेंडू टप्पा देऊन पाठवायचा, असा तो खेळ. त्यात उलटी फिरकी देता येते हे त्याच्या लक्षात आलं आणि पुढची काही वर्षं तो ती मैदानावर जमवत राहिला. १९०० मध्ये लॉर्ड्सवर सॅम्युएल को हा लेस्टरशायरचा फलंदाज ९८ धावांवर असताना बोझान्केच्या अशा चेंडूवर यष्टिचीत झाला. तो चेंडू म्हणे चार टप्पे खात गेला होता. शोध लागला होता, हात अजून बसायचा होता. तो बसल्यावर १९०५ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत एका डावात ८ बळी घेतले.

गुगलीची सगळ्यात प्रसिद्ध घटना मात्र १४ ऑगस्ट १९४८ ची, लंडनच्या ओव्हल मैदानावरची. ऑस्ट्रेलियाचे डॉन ब्रॅडमन शेवटची कसोटी खेळत होते. फलंदाजाची सरासरी काढण्याची रीत सोपी आहे. एकूण धावांना तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागायचं. ५० ची सरासरी असलेला फलंदाज मोठा मानतात. ब्रॅडमन त्या दिवशी खेळायला उतरले तेव्हा ६९ वेळा बाद झाले होते आणि त्यांच्या नावावर ६९९६ धावा होत्या. अजून ४ धावा केल्या की ७००० होणार होत्या. मग बाद झाले तरी ७० ने भागून सरासरी बरोबर १०० राहिली असती.

इंग्लंडच्या खेळाडूंनी मैदानात त्यांचा जयजयकार केला. गोलंदाज होते एरिक हॉलिस, लेगस्पिन टाकणारे. पहिला चेंडू लेगब्रेक. ब्रॅडमननी तो व्यवस्थित अडवला. दुसरा चेंडू गुगली. ब्रॅडमन पुढे झुकले, चेंडू आत वळला, बॅटच्या आतल्या कडेला जेमतेम चाटून यष्ट्यांवर गेला. शून्यावर त्रिफळाचीत. इंग्लंडचा पहिला डाव अवघ्या ५२ धावांत आटोपला होता आणि दुसऱ्या डावातही त्यांना ऑस्ट्रेलियाला गाठता आलं नाही. त्यामुळे ऑस्ट्रेलियाला पुन्हा फलंदाजी करावीच लागली नाही. ब्रॅडमनना चार धावा काढायची संधी परत आली नाही. ६९९६ भागिले ७०, म्हणजे ९९.९४. क्रिकेटमधला सगळ्यांना पाठ असलेला हा आकडा एका गुगलीने लिहिलेला आहे.

या दोन चेंडूंचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिलाच चेंडू गुगली असता तर कदाचित इतका लागू पडला नसता. आधी सरळ वाटणारा लेगब्रेक टाकायचा, फलंदाजाच्या डोळ्यात ती वळणाची दिशा बसू द्यायची आणि मग तिच्या आडून गुगली सोडायची. म्हणून चांगला गोलंदाज गुगली जपून वापरतो. षटकात तीन-चार टाकल्या तर फलंदाज तिचीच वाट पाहतो आणि फसवणूक संपते.

फलंदाजाला ती ओळखायची असेल तर संधी तीनदा मिळते. पहिली चेंडू हातातून सुटताना. पंज्याची पाठ दिसली की गुगली. दुसरी चेंडू हवेत असताना. शिवण कुठल्या दिशेने फिरते आहे ते नजर तयार असेल तर दिसतं आणि गुगली अनेकदा किंचित उंच, किंचित सावकाश येते. तिसरी टप्पा पडल्यावर, पण तोवर बहुतेकांना उशीर झालेला असतो. गोलंदाजाचं कौशल्य पहिल्या दोन खुणा बुजवण्यात असतं. मुंबईचे सुभाष गुप्ते यांत इतके तरबेज होते की ते दोन निरनिराळ्या गुगली टाकत. फलंदाजाने एक ओळखायला शिकावं, तर दुसरी वेगळ्याच हाताने यायची. १९५८ मध्ये कानपूरला त्यांनी वेस्ट इंडिजच्या एका डावात १०२ धावांत ९ बळी घेतले. ३६ कसोटींत त्यांच्या नावावर १४९ बळी आहेत.

गुगलीत धोका गोलंदाजालाही असतो. मनगट इतकं वळवल्यावर नेम धरणं अवघड जातं. चेंडू आखूड पडतो किंवा थेट फलंदाजाच्या हाती येतो आणि सीमेपार जातो. शिवाय गुगलीची फार सवय लागली की मनगट आपोआप तिकडेच वळायला लागतं आणि साधा लेगब्रेकच हातातून निघून जातो. लेगस्पिन शिकवणारे म्हणूनच आधी लेगब्रेक पक्की करायला सांगतात आणि गुगली मागून.

यॉर्कर

पहिल्या दोन गोष्टी संथ गोलंदाजांच्या झाल्या. यॉर्कर हे मुख्यतः वेगवान गोलंदाजाचं अस्त्र आहे आणि त्यात फिरकी नाही, वळवणं नाही, आहे ती फक्त जागा. चेंडूचा टप्पा बरोबर फलंदाजाच्या पायाशी, क्रीजच्या पांढऱ्या रेघेजवळ पडला की तो यॉर्कर.

पायाशी पडलेल्या चेंडूत अवघड काय असतं, ते बॅटच्या हालचालीवरून कळतं. मोठा फटका मारायचा तर फलंदाज बॅट मागे उचलतो, ती झोक्यासारखी खाली आणतो आणि उसळत असलेल्या चेंडूच्या खाली घालून त्याला वर उचलतो. यासाठी चेंडू जमिनीपासून थोडा तरी वर आलेला असावा लागतो. यॉर्करला उसळायला वेळच मिळत नाही. तो बॅटच्या टोकाशी, जमिनीलगत असतो. त्याच्या खाली बॅट घालायला जागा नाही. उरतं एकच काम, उचललेली बॅट वेळेत खाली आणून जमिनीवर टेकवणं. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आसपास पोचतो. तेवढ्यात बॅट खाली आली नाही तर चेंडू तिच्याखालून यष्ट्यांत. फेब्रुवारी २०२४ मध्ये विशाखापट्टणमच्या कसोटीत जसप्रीत बुमराने इंग्लंडच्या ऑली पोपच्या यष्ट्या अशाच उखडल्या होत्या.

मग सगळेच गोलंदाज प्रत्येक चेंडू यॉर्कर का टाकत नाहीत? कारण चुकीला जागा फार थोडी आहे. टप्पा दोन-तीन हात अलीकडे पडला तर तो चेंडू नेमका बॅटच्या झोक्यात उसळतो आणि फलंदाजाला त्याहून सोपा चेंडू नसतो. थोडा पलीकडे गेला तर टप्पाच पडत नाही, चेंडू थेट बॅटवर येतो. त्याला फुलटॉस म्हणतात, आणि तो कमरेच्या वर असेल तर पंच नोबॉल देतात. रात्रीच्या सामन्यात दव पडून चेंडू ओला झाला की तो हातातून निसटतो आणि यॉर्करचा फुलटॉस होतो. फलंदाजही गप्प बसत नाही. तो क्रीजच्या आत, यष्ट्यांच्या जवळ सरकून उभा राहतो. त्यामुळे रेघेवर पडलेला चेंडू त्याच्यापासून लांब पडतो आणि उसळायला त्याला जागा मिळते. मग गोलंदाजाला नेमही मागे सरकवावा लागतो.

श्रीलंकेचा लसिथ मलिंगा सरावात क्रीजवर बूट ठेवून त्यांच्यावर नेम धरत असे. हात डोक्यावरून न आणता तो जवळजवळ आडव्यातून, पंचांच्या छातीच्या उंचीवरून चेंडू फेकत असे. त्यामुळे त्याचा चेंडू उंचावरून येत नसे, खालून घसरत पायाशी येई. १२ मे २०१९ रोजी हैदराबादला आयपीएलचा अंतिम सामना होता. मुंबई इंडियन्सच्या १४९ धावा झाल्या होत्या. चेन्नई सुपर किंग्जला शेवटच्या षटकात, म्हणजे सहा चेंडूंत ९ धावा हव्या होत्या. शेन वॉटसन ऐंशीच्या जवळ पोचला होता. कर्णधार रोहित शर्माने चेंडू दिला मलिंगाकडे. त्या दिवशी मलिंगाची आधीची तीन षटकं महागात पडली होती, डावातल्या सोळाव्या एकट्या षटकात त्याला २० धावा चोपल्या होत्या.

पहिल्या चेंडूवर एक धाव, दुसऱ्यावर एक, तिसऱ्यावर दोन. चौथ्यावर वॉटसन दुसऱ्या धावेसाठी पळाला आणि धावचीत झाला, एकच धाव मिळाली. आता दोन चेंडूंत ४ हव्या होत्या. खेळायला आला पालघरचा शार्दुल ठाकूर. पाचव्या चेंडूवर त्याने दोन काढल्या. उरला एक चेंडू आणि हव्या होत्या २ धावा. एक निघाली असती तरी बरोबरी होती.

मलिंगाने यॉर्कर टाकला, पण संथ. हात त्याच वेगाने फिरला, बोटं चेंडूवरून अशी सरकली की त्याचा वेग कमी झाला. शार्दुलने वेगवान चेंडूच्या हिशेबाने बॅट फिरवली. बॅट आधी पोचली, चेंडू मागून खाली झुकत आला आणि पायावर आदळला. तो पाय बरोबर यष्ट्यांच्या समोर होता. पंचांनी बोट वर केलं. मुंबई एका धावेने जिंकली. या एका चेंडूत यॉर्करने जागा काढून घेतली आणि वेग कमी करून गुगलीसारखा अंदाजही काढून घेतला. म्हणूनच तो आजच्या क्रिकेटमधला टाकायला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी चेंडू मानला जातो.

मलिंगाचं त्या सामन्यातलं प्रगतिपुस्तक होतं ४-०-४९-१. आता ते तुम्हाला वाचता येईल. चार षटकं, निर्धाव एकही नाही, धावा ४९, बळी एक. कागदावर हे आकडे साधारण गोलंदाजाचेच वाटतात. बापू नाडकर्णींचे ३२-२७-५-० त्यांच्या शेजारी ठेवले तर तुलनाच होत नाही. पण बापूंचा सामना अनिर्णित राहिला आणि मलिंगाच्या त्या एका बळीने चषक मिळाला. कसोटीत पाच दिवस असतात, तिथे धावा रोखून धरणाऱ्याला किंमत असते. वीस षटकांच्या सामन्यात शेवटच्या चेंडूवर पायाशी टप्पा टाकणाऱ्याला. त्यामुळे पुढच्या वेळी घरात सामना लागला, तर धावफलकाकडे थोडं कमी आणि गोलंदाजाच्या मनगटाकडे थोडं जास्त पाहा. त्याने चेंडू कुठे टाकला आणि तो तिथेच का टाकला, हे कळायला लागलं की तुम्ही क्रिकेट पाहायला लागलात, असं खुशाल समजा.